मागच्या रांगेची डोकी कुठे गेली? फोनचा फोटो आणि ८×१२चा कागद

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला फोनवर काढलेला घरातल्या २२ जणांचा ग्रुप फोटो ८×१२ छापून घेतला. फोनवर सगळे पूर्ण दिसतात, पण प्रिंटमध्ये मागे उभ्या असलेल्या दोन दादांचे केस आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांची पावलं कापली गेली. दुकानदार म्हणतो, "फोनच्या फोटोला असंच होतं." फ्रेम ८×१२चीच आणून ठेवली आहे. चूक कोणाची, आणि आता कोणती साइज सांगू म्हणजे सगळे येतील? आम्ही ठाण्यात ढोकाळीला राहतो. मूळ फोटो आणि प्रिंटचा फोटो सोबत देते आहे.

दुकानदार खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. फोनचा फोटो ८×१२वर कागदभर छापला की काहीतरी कापलं जाणारच, हे खरं. पण काय कापलं जाणार हे छापायच्या आधी त्याच्या स्क्रीनवर दिसत होतं. तुम्हाला बोलावून "ताई, डोकी जाताहेत, काय करू?" एवढं विचारायला अर्धा मिनिट लागला असता. नौपाड्यात फोटोच्या काउंटरमागे माझी अठ्ठावीस वर्षं गेली. हा प्रश्न विचारायचा कंटाळा मीही केलेला आहे आणि त्याची किंमतही मोजलेली आहे. ते पुढे सांगतो.

आधी हिशोब. त्यासाठी पिक्सेल, मेगापिक्सेल वगैरे काही लागत नाही. तुमचा फोटो आडवा आहे आणि फोनने तो ४ रुंद, ३ उंच या मापात काढलाय. जवळपास सगळ्या फोनचा साधा फोटो याच मापाचा असतो. आता हा फोटो १२ इंच रुंद छापायचा म्हटलं, तर त्याला उंची किती लागेल? ४ला ३, तर १२ला ९. म्हणजे तुमचा अख्खा फोटो १२ बाय ९चा कागद मागतो. तुम्ही दिलात ८×१२. रुंदी बरोबर बसली, उंचीला मात्र कागद एक इंच कमी पडला. तो इंच फोटोतूनच जाणार. मशीनला तुमची माणसं ओळखू येत नाहीत, म्हणून ते वरून अर्धा आणि खालून अर्धा असं समान कापतं. वरच्या अर्ध्या इंचात दादांचे केस होते, खालच्या अर्ध्या इंचात मुलांची पावलं.

हीच त्रैराशिकं इतर मापांना लावून बघा. ४×६ घेतलात तर ६ रुंदीला फोटो साडेचार उंची मागतो, कागद ४चा आहे, अर्धा इंच जातो. प्रमाण ८×१२चंच, फक्त आकार निम्मा. ५×७ला ७ रुंदीवर सव्वापाच लागतात, मिळतात ५, म्हणून पाव इंचात भागतं. ८×१०ला मात्र गंमत उलटी होते. १० रुंदीला फोटो साडेसातच उंच येतो, कागदाची उंची ८. म्हणून कागद भरण्यासाठी फोटो थोडा मोठा करावा लागतो, आणि मग तो डाव्या-उजव्या बाजूने बाहेर जातो. तिथे डोकी-पावलं शाबूत राहतात, पण कडेला उभे असलेले काका-काकू धोक्यात येतात. एकाच फोटोच्या दोन साइज मागवल्या आणि एकीत वरचे कापले, दुसरीत कडेचे कापले, असं झालं की गिऱ्हाइकाला वाटतं लॅबवाल्याने मनाला येईल तसं कापलं. तसं नसतं. कागद फोटोपेक्षा लांबट असेल तर वर-खाली कात्री लागते, कागद फोटोपेक्षा चौकोनी असेल तर बाजूंना. उभ्या फोटोला हेच सगळं आडवं करून समजा: उभा फोटो ४×६वर छापला की डोकी राहतात आणि दोन्ही बाजूंची माणसं अर्धी होतात.

मग असे फोटोशी न जुळणारे कागद आलेच कुठून, हा प्रश्न रास्त आहे. ते फोटोशी जुळणारेच होते, फक्त तो फोटो वेगळा होता. आपण ज्याला छत्तीसचा रोल म्हणायचो, त्या ३५ मिलिमीटर फिल्मवरचं एक चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरचं, म्हणजे ३ला २. लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि हे माप जगभर रुजलं. ४×६, ८×१२, १२×१८ ही त्या निगेटिव्हची सख्खी भावंडं. निगेटिव्ह मोठी करा, कागद भरतो, नाव घेण्यासारखं काही कापलं जात नाही. ८×१० आणि ५×७ त्याहून जुनी. तिपाईवर ठेवायच्या भात्याच्या कॅमेऱ्यात त्या मापांच्या काचा आणि पुढे फिल्मचे ताव घालत, आणि तेवढ्याच कागदावर ठेवून छाप काढत. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा त्यांनी संगणकाच्या आणि टीव्हीच्या त्या वेळच्या पडद्याचं ४ला ३ हे माप उचललं. फोनने तेच पुढे चालवलं. कागद मात्र रोलच्या काळातलाच राहिला, कारण अल्बम, फ्रेमा, पाकिटं सगळी त्याच मापांची होती. तुमच्या आईच्या कपाटातले जुने ४×६चे फोटो बघा, त्यात असं डोकं कापलेलं क्वचितच सापडेल. तिथे कापलं असलंच तर फोटो काढणाऱ्याने कापलेलं असतं.

आता तुमच्या फोटोकडे येऊ. मी तो माझ्या स्क्रीनवर १२ बाय ९ इंच करून मोजला. फ्रेमवाले आणि सुतार ज्या सुतात मोजतात त्यात सांगतो, कारण इथे सगळा खेळ सुताचाच आहे. ८ सूत म्हणजे एक इंच. मागच्या रांगेतल्या सगळ्यात उंच दादाच्या डोक्यावर ३ सूत भिंत आहे. पुढे बसलेल्या मुलीच्या पावलांखाली २ सूत सतरंजी आहे. एकूण मोकळी जागा ५ सूत, आणि ८×१२ मागतो ८ सूत. मशीनने वरून ४ आणि खालून ४ घेतले, म्हणून दादाच्या डोक्याचं एक सूत गेलं आणि पावलांची दोन सूत गेली. तुमच्या प्रिंटच्या फोटोत नेमकं एवढंच गेलेलं दिसतंय.

एरवी अशा वेळी मी कात्री सरकवतो. वर भरपूर भिंत आणि खाली कमी जागा असेल तर सगळं वरूनच कापायचं, खालचं जसंच्या तसं ठेवायचं. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोवर एक चौकट दिसते, ती माउसने वर-खाली ओढता येते, आणि दहापैकी सात-आठ फोटो एवढ्यावरच वाचतात. तुमचा त्यातला नाही. चौकट कुठेही सरकवली तरी ५ सुतांतून ८ सूत निघत नाहीत. डोकी वाचवली तर मुलं पोटऱ्यांपासून जातील, मुलं वाचवली तर मागच्या रांगेची कपाळं जातील. तेव्हा ८×१२ कागदभर हा पर्याय तुमच्या फोटोपुरता संपला. दुसऱ्या दुकानात गेलात तरी तेच होणार. फक्त तिथे कदाचित आधी सांगतील.

८×१० घ्यावी का? तीही मी बसवून बघितली. याच मापावर बाजूंनी ६ सूत द्यावे लागतात. तुमच्या डावीकडे काकांच्या कोपरापुढे ५ सूत जागा आहे, उजवीकडे काकूंच्या पदरापुढे १ सूत. चौकट उजवीकडे सरकवली तर ६ला ६ जमतात, शिल्लक शून्य. कागदावर जमलेलं हे गणित प्रत्यक्षात जमत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत जी काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही.

पहिलं कारण मशीनचं. कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून मशीन फोटो कागदापेक्षा किंचित मोठा करून छापतं, आणि प्रत्येक बाजूला मिलिमीटर-दोन मिलिमीटर फोटो कागदाबाहेर सांडतो. लॅबच्या मोठ्या मशीनमध्ये हे होतं, घरच्या प्रिंटरवर बॉर्डरलेस छापताना त्याहून थोडं जास्त होतं. दुसरं कारण फ्रेमचं. फ्रेमच्या लाकडाला आतून खाच असते, त्यात काच आणि फोटो बसतो. ती खाच फोटोच्या चारही कडा झाकते, साधारण प्रत्येक बाजूने २ सूत. तुमच्या ८×१२च्या फ्रेममध्ये फोटो ८×१२चाच जातो, पण समोरून दिसतो तो जेमतेम साडेसात बाय साडेअकरा. म्हणजे आता जी प्रिंट हातात आहे ती फ्रेममध्ये घातलीत तर डोकी अजून झाकली जातील. घातली नसेल तर घालून बघू नका, उगाच मन खट्टू होईल.

ही खाच लक्षात घेतली नाही तर जो उपाय सगळ्यात सोपा वाटतो तोही फसतो. तुम्हाला कोणी सांगेल, "पूर्ण फोटो येऊ दे, बाजूला पांढरं राहिलं तर राहू दे." लॅबमध्ये याला फिट म्हणतात, आणि कागदभर छापण्याला फिल. फिटमध्ये तुमचा फोटो ८ उंच आणि सुमारे १० इंच ५ सूत रुंद येईल, डाव्या-उजव्या बाजूला साधारण ५-५ सूत पांढरी पट्टी राहील. कापलं काहीच नाही. पण फोटो आता आधीच्यापेक्षा लहान झालाय, म्हणून पावलांखालची २ सूत जागाही २ला किंचित कमी भरते, आणि फ्रेमची खाच २ सूत झाकते. पांढऱ्या पट्ट्या फक्त बाजूंना आहेत, वर-खाली नाहीत. मुलांची बोटं पुन्हा लाकडाखाली. कागदावर फोटो पूर्ण, भिंतीवर अपुरा.

म्हणून फ्रेम आणलीच आहे, तीच वापरायची असा हट्ट असेल, तर फोटो चारही बाजूंनी लहान करून मध्ये बसवावा लागेल: ८×१२च्या कागदावर ७ इंच उंच, त्याला रुंदी येते सव्वानऊहून किंचित जास्त. मग समोरून वर-खाली २-२ सूत पांढरं दिसेल आणि बाजूंना इंचभर. वाईट दिसत नाही, पण २२ माणसांच्या फोटोत मी हे करणार नाही. तुमच्या फोटोत मधल्या रांगेतला एक चेहरा १२ इंच रुंदीला चार सूत भरतो. सव्वानऊवर तो तीन सूत होईल. आजींना स्वतःचं कुटुंब बघायला चष्मा लावून भिंतीजवळ जावं लागेल. ती फ्रेम बाजूला ठेवा, आजींच्या एकट्या फोटोला येईल. एकट्या माणसाच्या फोटोत वर-खाली, बाजूला जागा असते, तिथे ८×१२ आरामात बसते.

ग्रुपसाठी माझं उत्तर १२×१६. १६ला १२ म्हणजे पुन्हा ४ला ३च, तुमच्या फोटोचंच माप. इथे कात्रीला कामच नाही. पण इथेही फोटो कागदभर छापू नका, कारण खाच सोडत नाही. १२×१६ भरून छापलात तर पावलांखालची जागा पावणेतीन सुतांच्या आतच येते, त्यातले २ सूत खाच घेते, थोडं मशीन घेतं, आणि मुलांची बोटं लाकडाला टेकल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा फोटो साडेदहा बाय चौदा करा, तेही ४ला ३च आहे, आणि तो १२×१६च्या कागदावर बरोबर मध्ये ठेवून बाकी पांढरं सोडा. वर-खाली पाऊण-पाऊण इंच, बाजूंना एक-एक इंच पांढरं राहतं. फ्रेमची खाच त्या पांढऱ्यावर बसते, फोटोला शिवतही नाही. वर-खाली ४ सूत आणि बाजूंना ६ सूत पांढरी कड समोरून दिसते, माउंट केल्यासारखी. आणि फोटो १४ इंच रुंद आहे, म्हणजे तुमच्या आताच्या प्रिंटपेक्षा दोन इंच मोठा. चेहरे साडेचार सुतांच्या वर जातात.

"१२×१६ आमच्याकडे नाही" असं उत्तर एखाद्या ठिकाणी मिळेल. रेट कार्डवर १२×१५ आणि १२×१८ लिहिलेलं असतं म्हणून तसं म्हणतात. कागद लॅबमध्ये रोलमध्ये येतो. १२ इंची रोल लावला की रुंदी ठरलेली, लांबी १६वर कापायची की १८वर हे मशीनला सांगायचं असतं. फार तर १२×१८चे पैसे घेतील आणि कटरवर दोन इंच उडवून देतील. जिथे रोल नसून तावांवर इंकजेट छापतात तिथे १३×१९चा ताव असतो, त्यातून १२×१६ निघतं. नाही जमत ते फक्त छोट्या किऑस्कवर, जिथे दोन मिनिटांत ४×६ बाहेर येतात. तिथली रिबन आणि कागद दोन्ही ठरावीक मापाचे, बहुतेक ६×८च्या पुढे जातच नाहीत. हां, ६×८ हेही ४ला ३च. घरोघरी वाटायच्या कॉपी काढायच्या असतील तर या फोटोसाठी ४×६पेक्षा ६×८ कितीतरी बरी, कात्री न लागता निघते.

१२×१६ची फ्रेम तयार मिळाली नाही तरी अडत नाही. फ्रेमवाले पट्टी कापूनच देतात, त्यांना १६ काय आणि १८ काय. फक्त फोटो आधी छापून मग तो घेऊन जा. माप तोंडी सांगून फ्रेम आधी बनवली की काय होतं ते तुम्ही अनुभवलंच आहे.

आता माझी चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुंजीचे तीनशेच्या आसपास फोटो ४×६ छापायला आले होते, सगळे फोनवरचे, निम्मे उभे. सिझन होता, मी फाइली टाकल्या, सगळ्यांना एकदम फिल लावलं, चौकट मध्यभागी, आणि जेवायला गेलो. उभ्या फोटोंच्या दोन्ही बाजू गेल्या. मातृभोजनाच्या फोटोत बटू मध्ये आणि आई कडेला बसलेली. तिचा अर्धा चेहरा आणि घास भरवणारा हात, एवढंच उरलं. एक-दोन नाही, त्या विधीचे अकरा फोटो. त्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसते फोटो काउंटरवर एकेक मांडत गेल्या. मी सगळे परत छापले, या वेळी फिटमध्ये. ४×६च्या कागदावर ४ बाय ५ इंच पावणेतीन सूत एवढा पूर्ण फोटो, दोन टोकांना तीन-तीन सुतांच्या आत पांढरी पट्टी. अल्बमच्या खिशात कागद ४×६चाच राहतो, म्हणून तो नीट बसतो. तेव्हापासून मोठी ऑर्डर आली की मी एकच प्रश्न विचारतो, "कापून भरू की पूर्ण ठेवून पट्टी सोडू?" बहुतेक लोक पांढरी पट्टी नको म्हणतात. ठीक आहे, पण मग मला प्रत्येक फोटो डोळ्याखालून घालावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. तासाभरात तीनशे फोटो कागदभर हवे असतील तर काही डोकी जाणार, हे मी तोंडावर सांगतो.

तिसराही एक प्रकार असतो, त्यापासून सावध राहा. एखादा चलाख ऑपरेटर कापत नाही, पट्टीही सोडत नाही, तो फोटो ओढतो. ९ उंचीचा फोटो दाबून ८मध्ये बसवला की सगळं येतं, पण सगळे आठव्या भागाने जाडे दिसतात. पटकन लक्षात येत नाही, नुसतं वाटतं की फोटोत आपण जरा सुटलेलो दिसतोय. ओळखायचं कसं, तर फोटोतली समोरून दिसणारी गोल वस्तू शोधायची. भिंतीवरचं घड्याळ, कपाळावरची टिकली. तुमच्या फोटोत मागे भिंतीवर घड्याळ आहे, ते उत्तम. प्रिंटवर पट्टी ठेवून घड्याळाची उंची आणि रुंदी मोजा. दोन्ही सारखी आली तर ओढलेलं नाही. फक्त घड्याळ फोटोच्या मधल्या भागात असायला हवं, कारण अगदी कडेच्या गोल वस्तू फोनची लेन्स स्वतःच थोड्या ताणते.

छापायला जाण्याआधी घरी बसून हे बघता येतं. फोनमध्ये फोटो उघडा, एडिटमध्ये क्रॉप घ्या आणि मापांच्या यादीतून `3:2` निवडा. जी चौकट येते तीच ८×१२ आणि ४×६ची चौकट. `5:4` निवडलंत की ८×१०ची. काही फोनवर ही मापं उभ्या फोटोसाठी उलटी लिहिलेली दिसतात, अर्थ तोच. चौकट बोटाने सरकवून सगळे आत येतात का ते बघा, आले तर कडेला दोन सुतांइतकी जागा उरते का तेही बघा, आणि कॉपी म्हणून सेव्ह करा. मूळ फोटोवर सेव्ह करू नका. एकदा कापून छापायला दिलंत की लॅबवाल्याला सरकवायला काही उरत नाही.

फाइल कशी पाठवता यावर एक वाक्य बोलतो, कारण मोठ्या प्रिंटला ते नडतं. तुमचा मूळ फोटो ४००० बाय ३००० आहे, १४ इंच रुंदीला इंचामागे २८५ पिक्सेल पडतात, भरपूर झाले. तोच व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर लांबी १६००च्या आसपास येते, म्हणजे इंचामागे ११४, आणि मागच्या रांगेचे चेहरे मेणाचे दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबल घेऊन जा.

दुकानात गेल्यावर तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर हे लिहून द्या: "कागद १२×१६. फोटो साडेदहा बाय चौदा, पूर्ण, न कापता, न ओढता. मध्यभागी. बाकी पांढरं. छापण्याआधी स्क्रीनवर दाखवणे." शेवटचं वाक्य खाली रेघ मारून. दाखवतील तेव्हा चेहरे बघत बसू नका, चार कोपरे बघा: डावीकडे काकांचं कोपर, उजवीकडे काकूंचा पदर, वर दादाचे केस, खाली त्या मुलीची पावलं. चारही दिसले की हो म्हणा.

आणि पुढच्या कार्यक्रमाला, तुमच्याकडे सारखे काहीतरी असतं असं फोटोवरून वाटतंय, फोन ज्याच्या हातात असेल त्याला दोन गोष्टी सांगा. कॅमेऱ्यात फोटोचं माप ४ला ३च ठेवायचं, स्क्रीन पूर्ण भरणारं फुल नाही. फुलमध्ये फोन स्वतःच वर-खाली कापून लांब पट्टी करतो. २०ला ९ची ती पट्टी ८ इंच उंच छापायची तर पावणेअठरा इंच लांब कागद लागतो, ८×१२वर जवळपास सहा इंच माणसं बाहेर. आणि सगळे चौकटीत आले असं वाटलं की तिथून अजून दोन पावलं मागे जायचं. हॉलमध्ये मागे भिंत लागली तर फोन अल्ट्रावाइडवर टाकू नका, त्यात कडेची माणसं तिरपी आणि रुंद होतात. त्यापेक्षा खुर्च्यांची रांग एक हात पुढे घ्या आणि पुढच्या मुलांना पाय दुमडून मांडी घालायला सांगा. तुमच्या फोटोत त्या मुलीने पाय पसरले नसते, तर खाली ५ सूत जागा राहिली असती, वरची ३ धरून बरोबर ८, आणि चौकट सरकवून निदान कागदावर तरी सगळे आले असते.